पत्र्याच्या घरावर पांढरी फरशी की उन्हाचा रंग? टोंकखुर्दच्या एका छपराचा हिशोब

टोंकखुर्द : मार्च संपत आला की देवास जिल्ह्यातल्या आमच्या या तहसिलीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. शेतात गव्हाची काढणी आणि घरात छताकडे बघून उसासे टाकणं. ज्याच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे तो रात्री तक्रार करतो. ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे, म्हणजे इकडच्या भाषेत चद्दर, तो सकाळी दहापासूनच हैराण असतो.

यंदा हा विषय माझ्याच नात्यात निघाला. मावसभावाचं घर पुढून स्लॅबचं आणि मागे 12 बाय 20 फुटांची पत्र्याची खोली. त्या खोलीत मावशी झोपते, तिथंच तिची शिलाई मशीन. मिस्त्रीने सुचवलं की स्लॅबवर टाकतो तशी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची मोझॅक पत्र्यावरही टाकून देऊ, एकदाच खर्च आणि वीस वर्षं बघायला नको. भावाचा फोन आला, "दादा, तू हिशोबाचा माणूस. रंग दर चार वर्षांनी मारायचा की फरशी एकदाच लावायची, काय परवडेल?"

रुपयांचा हिशोब मी नंतर केला. आधी उन्हाचा आणि वजनाचा केला, आणि निकाल तिथंच लागला. तोच हिशोब इथं मांडतो. मालवा असो, खानदेश असो, विदर्भ असो की आदिलाबाद, पत्रा सगळीकडे सारखाच तापतो.

पत्रा चकाकतो, तरी तापतो का?

मे महिन्यात दुपारी बारा-एकच्या सुमाराला स्वच्छ आकाश असेल, तर सपाट छपराच्या दर चौरस मीटरवर साधारण 900 वॅट ऊन पडतं. मावशीच्या खोलीचं छप्पर 240 चौरस फूट, म्हणजे 22 चौरस मीटरच्या थोडं वर. गुणाकार केला तर साधारण 20 हजार वॅट होतात. सोप्या भाषेत सांगायचं तर एक-एक हजार वॅटच्या वीस शेगड्या छपरावर उलट्या मांडून पेटवल्यासारखं.

यातल्या किती शेगड्या छप्पर परत पाठवतं आणि किती स्वतःत घेतं, हा खरा प्रश्न. जुना, गंजलेला, धुळीने काळवंडलेला पत्रा साधारण 65 टक्के ऊन शोषून घेतो. म्हणजे वीसपैकी तेरा शेगड्या. चांगला पांढरा परावर्तक रंग नवा असताना 20 टक्क्यांच्या आसपासच शोषतो, म्हणजे चार शेगड्या. रंगावर धूळ बसली की त्या सहा-सात होतात. पत्र्याने घेतलेली सगळी उष्णता खोलीत उतरत नाही. काही वारा नेतो, काही आकाशाकडे परत जाते. पण पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, त्याच्यात अडवणारं काहीच नाही. वर तापला की खालूनही तितकाच तापलेला.

आता लोक विचारतात की नवा पत्रा तर आरशासारखा चमकतो, मग तो का भाजतो? कारण थंड राहण्यासाठी छपराला दोन कामं करावी लागतात. एक, ऊन परत फेकणं. दुसरं, जे घेतलं ते आकाशाकडे सोडून देणं. चकाकणारा धातू पहिलं काम बऱ्यापैकी करतो, पण दुसऱ्यात फार कंजूष असतो. घेतलेली उष्णता धरून ठेवतो. म्हणूनच बाजारात मिळणारा चंदेरी ॲल्युमिनियम रंग गंजापासून वाचवायला ठीक आहे, पण घर थंड करायला पांढऱ्याची बरोबरी करत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. ऊन फेकतोही आणि घेतलेली उष्णता सोडतोही.

पांढरी चकचकीत फरशीसुद्धा ही दोन्ही कामं चांगली करते. उन्हाच्या हिशोबात रंग आणि फरशी जवळजवळ बरोबरीत सुटतात. फरक पडतो तो खाली काय आहे यावर.

फरशीचं वजन : 14 क्विंटल

मोझॅक म्हणजे फक्त फरशीचे तुकडे नव्हेत. त्यांच्याखाली वाळू-सिमेंटच्या मसाल्याचा थर लागतो, कमीत कमी एक इंच. पन्हळी पत्र्याच्या पन्हळी भरायच्या तर त्याहून जास्त. एक इंच मसाला आणि वर फरशी धरली तरी दर चौरस फुटाला साधारण सहा किलो वजन होतं. 240 चौरस फुटांना 1,440 किलो, म्हणजे 14 क्विंटलच्या वर. मंडीच्या भाषेत गव्हाच्या 50 किलोच्या 29 गोण्या, छपरावर कायमच्या ठेवलेल्या.

ज्या पत्र्यावर हे ठेवायचं त्याचं स्वतःचं वजन दर चौरस फुटाला अर्ध्या किलोच्या आसपास, सगळं मिळून एक-सव्वा क्विंटल. खालचे आडवे पाईप त्याच हिशोबाने घातलेले असतात. पत्रा, वारा आणि दुरुस्तीला चढलेला एखादा माणूस, एवढंच त्यांनी पेलायचं. त्यांच्यावर दहापट ओझं कायमचं टाकलं तर पाईप पहिल्याच दिवशी तुटेल असं नाही. आधी मधोमध बाक येतो, बाकात पावसाचं पाणी साचतं, पाण्याचं वजन वाढतं आणि बाक आणखी वाढतो.

मिस्त्री म्हणेल की पाईप जाड टाकू. टाका, पण तरी दुसरी अडचण उरतेच. लोखंड तापलं की वाढतं. पहाटे 25 अंशांवर असलेला 10 फुटी पत्रा दुपारी 65 अंशांवर गेला तर साधारण दीड मिलिमीटर लांब होतो आणि रात्री परत आखडतो. संध्याकाळी छपरातून टक-टक आवाज येतो ना, तो याचाच. मसाला आणि फरशी इतकं हलू शकत नाहीत. शिवाय जस्ताच्या गुळगुळीत थरावर सिमेंट नीट धरतही नाही. माणूस वर चालला की पत्रा दबतो ते वेगळंच. थोड्याच ऋतूंत सांध्यांना केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पावसाचं पाणी आत जातं आणि मसाला व पत्रा यांच्यामध्ये अडकतं. ते ना दिसतं ना सुकतं. पत्रा वरून कुजत जातो आणि आपल्याला कळतं तेव्हा गंजाचा थेंब अंथरुणावर पडलेला असतो.

म्हणून पत्र्याच्या घरासाठी "रंग की फरशी" ही निवडच नाही. फरशी ही स्लॅबची वस्तू आहे. तिथं ती खरोखर चांगली आहे. चार इंची स्लॅबचं स्वतःचं वजन दर चौरस फुटाला 23 किलोच्या आसपास असतं, त्यामुळे सहा किलोची भर चांगल्या स्थितीतला स्लॅब पेलतो. तरी स्लॅब जुना असेल आणि खालून सळ्या दिसत असतील तर आधी इंजिनियरला दाखवावं. स्लॅबवरची मोझॅक पावसात धुऊन निघते, पायांनी झिजत नाही, नीट बसवली तर पंधरा-वीस वर्षं सहज जाते. फक्त सांधे पांढऱ्या सिमेंटने भरा, करड्याने नको, कारण तुकड्यांच्या कामात सांध्यांची जागा बरीच असते. मावसभावाला मी हेच सांगितलं. फरशीचा मोह असेल तर पुढच्या स्लॅबवर लाव, मागच्या पत्र्यावर नाही.

किती रंग लागेल?

सपाट माप घेऊन रंग आणला तर कमी पडतो. पन्हळी पत्रा उलगडून मोजला तर साधारण 12 टक्के जास्त भरतो. म्हणजे 240 चौरस फुटांचे 270 झाले. छपराचे परावर्तक रंग भिंतीच्या रंगापेक्षा घट्ट असतात. दोन हात मिळून एका लिटरमध्ये 20 ते 30 चौरस फूट होतात. मधला 25 धरला तर जवळजवळ 11 लिटर लागतात, म्हणजे 10 चा एक डबा आणि एक लिटर सुटा. समजा लिटरला 300 रुपये पडले, तर रंग 3,300 चा. त्यात गंजाचा प्रायमर, ब्रश, सांधे भरायचं सीलंट आणि दोन दिवसांची मजुरी मिळवा. भाव आपल्या बाजाराचा घाला, गणित हेच राहील. एखादा ठेकेदार हेच छप्पर पाच लिटरमध्ये करून देतो म्हणाला, तर तो रंगात पाणी घालणार हे समजून घ्या.

डबा घेताना "वॉटरप्रूफ" हा शब्द बघून फसू नका. पाणी अडवणारा रंग करडा किंवा विटकरीही असतो, त्याने घर थंड होत नाही. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकावर एसआरआय हा आकडा शोधा. ठरलेल्या काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरलेल्या पांढऱ्याला 100 मानून हा आकडा काढतात. चांगल्या पांढऱ्या रंगाचा तो 100 च्या आसपास किंवा वरही असतो. रंग पत्र्यावर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण काही रंग फक्त सिमेंटसाठीच असतात. चुना स्वस्त पडतो, स्लॅबवर एक उन्हाळा निघतो. पत्र्यावर मात्र तो धरत नाही, पहिल्या पावसात परनाळीतून वाहून जातो.

काम कसं करायचं

पत्र्यावरचा रंग फसतो तो बहुतेक वेळा तयारी न केल्यामुळे. आधी भर दिवसा खोलीत दिवा बंद करून वर बघा. जिथून उजेड येतो तिथं भोक आहे. मग वर जाऊन गंजलेल्या जागी पेचकसाचं टोक दाबा. पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं तर तो तुकडा बदलायचा. कुजलेल्या पत्र्यावर रंग म्हणजे नुसती पांढरी चादर. ढिले स्क्रू आवळा, रबराचे वायसर फुटले असतील तर बदला.

वर चालताना स्क्रूच्या रांगेवरच पाय ठेवा, कारण खाली पाईप तिथंच असतो. आडवी फळी टाकून चाललं तर उत्तम. सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यांच्यावर चढूच नका आणि कोरडे घासूही नका. ते अचानक फुटतात आणि त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते.

गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, सगळं छप्पर साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि एक दिवस कडक सुकू द्यायचं. गंजाच्या जागांना गंजरोधक प्रायमर लावायचा. पत्रा अगदी नवा, चकचकीत असेल तर त्याच्यावर तेलकट पातळ थर असतो, रंग त्यावर बसत नाही. तो धुऊन जस्ताच्या पत्र्यासाठीचा खास प्रायमर लावावा लागतो. साधा ऑइल पेंट सरळ जस्तावर लावला तर तो जस्ताशी क्रिया करून काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. इकडे गल्लोगल्ली अशी सोललेली छपरं दिसतात आणि लोक दोष रंगाला देतात.

रंगाची वेळ सकाळची, पत्र्याला हात लावता येतो तोवरच. तापलेल्या पत्र्यावर रंग वरून लगेच सुकतो आणि खाली धरत नाही. पहिला हात पन्हळींच्या लांबीने ब्रशने मारा, कारण साधा रोलर फक्त वरच्या उंचवट्यांवर फिरतो आणि खोलगट भाग उघडा राहतो. डब्यावर लिहिलेली वेळ पाळून दुसरा हात. नंतरचे 24 तास पाऊस नको. म्हणून आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च किंवा दिवाळीनंतरचे दिवस बरे. दिवाळीनंतर सकाळचं दव मात्र पुसून मगच सुरू करायचं.

रंगाकडून किती अपेक्षा ठेवायची

थंड छपरांच्या कामात खोलीचं तापमान 2 ते 5 अंशांनी कमी होतं, असा आकडा साधारणपणे दिला जातो. ऐकायला तो लहान वाटतो. पण पत्र्याखाली बसलेल्या माणसाला हवेची गरमी कमी आणि डोक्यावरच्या पत्र्याची झळ जास्त लागते. झळ उतरली की आकड्यापेक्षा जास्त फरक जाणवतो. स्वतः तपासायचं असेल तर साधं थर्मामीटर खोलीत डोक्याच्या उंचीवर टांगा आणि रंगाच्या आधी आठ दिवस व नंतर आठ दिवस दुपारी तीनला वाचा. बाहेरचं सावलीतलं तापमानही त्याच वेळी लिहा, नाहीतर ढगाळ दिवसाचं श्रेय रंगाला जाईल.

रंगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाहेर 43 अंश असताना खोली 35 वर येणार नाही. रंग उष्णता कमी आत येऊ देतो, थंडावा तयार करत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडत असेल, खिडकी एकच असेल किंवा आतच चूल असेल, तर रंग तिथं हतबल. गरम हवा बाहेर जायला छपराच्या टोकाजवळ झरोका हवा. आणि एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. रंगवलेला पत्रा रात्रीही उष्णता सोडत राहतो, त्यामुळे थंडीतल्या पहाटे तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आतला दमटपणा मग त्याच्या खालच्या बाजूला पाण्याच्या थेंबांसारखा जमतो आणि टपकतो. डिसेंबरमध्ये हे दिसलं तर छप्पर गळतं असं समजू नका. झरोका उघडा ठेवा, आणि जमलं तर पत्र्याखाली हवेची जागा सोडून आतलं छत करा. रंग आणि आतलं छत ही जोडी उन्हाळा व हिवाळा दोन्हीत उपयोगी पडते.

देखभाल एकच, पण वेळेवर. आमच्याकडे गव्हाच्या मळणीचा भुसा आणि धूळ नेमकी मार्च-एप्रिलमध्ये, कडक उन्हाच्या तोंडावर छपरावर बसते. मळणी आटोपली की एप्रिलच्या मध्यात छप्पर एकदा पाण्याने धुवा. ओलं बोट फिरवून बघा, बोट करडं आलं तर धुवायची वेळ झाली. पाणी टंचाईचं असेल तर मऊ झाडूने झाडलं तरी बराच फरक पडतो. पांढऱ्यावर पिवळसर डाग उमटले तर ती धूळ नाही, खालचा गंज आहे. तेवढी जागा खरवडून प्रायमर आणि रंग लावला की पूर्ण छप्पर परत करावं लागत नाही.

इतर राज्यांत काय चाललंय

हे काही नवं खूळ नाही. 2010 च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे 2017 मध्ये गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं. आमच्या शेजारच्या इंदूरमध्येही थंड छपराचे प्रयोग झालेले आहेत. तेलंगणाने 2023 ते 2028 साठी थंड छपराचं धोरणच आणलं. त्यात सरकारी आणि व्यापारी इमारतींना, तसंच 600 चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या घरांना ते सक्तीचं केलं आहे. छोट्या घरांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे आदिलाबादकडच्या आपल्या वाचकांचं पत्र्याचं घर सक्तीत येत नाही, पण मोठं बांधकाम काढणाऱ्याने नियम विचारून घ्यावा.

मावशीच्या खोलीचं काय ठरलं

मिस्त्रीला मी 14 क्विंटलचा आकडा सांगितला. तो थोडा वेळ पाईपांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भैया, इतना तो सोचा नहीं था." त्याचा दोष नाही. स्लॅबवर त्याने आयुष्यभर चांगलं काम केलं आहे, पत्र्याचं गणित त्याला कुणी विचारलंच नव्हतं. दोन पत्रे पेचकसाच्या टोकाने आरपार गेले, ते बदलले. बाकीच्यांना प्रायमर, वर पांढऱ्याचे दोन हात. उरलेल्या पैशात मागच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोका काढला. मावशीची मशीन आधी दुपारी बारालाच बंद व्हायची. आता ती जेवण करून परत बसते.

फरशीचे तुकडे आणून ठेवले होते, तेही वाया जाणार नाहीत. पावसाळा संपला की पुढच्या स्लॅबवर लागतील.